उत्तर पाऊण होतं

आमच्या शाळेच्या स्मरणिकेत माझ्यावर एक परिच्छेद छापून आला आहे. त्यात म्हटलं आहे की गणिताच्या बाबतीत मी कुणाची गय केली नाही. विद्यार्थी-निधीतून सुरतेच्या कॉलेजला पाठवायचा मुलगा निवडताना मी गुणवत्तेपलीकडे काही पाहिलं नाही. पुढे एक वाक्य आहे: नवापूरकडच्या डोंगराळ भागातल्या एका होतकरू मुलाला त्या वेळी तयारी कमी पडल्याने मागे राहावं लागलं. लिहिणाऱ्याचा काही दोष नाही. त्याने ते माझ्याच तोंडून ऐकलं होतं. मी हे इतकी वर्षं सांगत आलो. स्मरणिका वाटली त्या दिवशी व्यासपीठावर बसून मी ते वाक्य वाचलं आणि गळ्यातला हार काढून शेजारी ठेवला.

ते वाक्य खोटं आहे. तयारी माझी कमी पडली होती.

मी नंदुरबारच्या हायस्कुलात गणित शिकवायला लागलो तेव्हा आमचा जिल्हा पश्चिम खानदेश होता. गणित घेऊन बी.ए. झालेला गावात मी एकटाच. या एकटेपणाचं मला फार सुख होतं. माझं चुकलं आहे असं सांगू शकेल असं गावात कुणी नव्हतं. व्यापारी व्याजाचा हिशोब अडला तरी माझ्याकडे येत, आणि तो माझ्यापेक्षा त्यांनाच चांगला येत असे हे मला ठाऊक होतं. तरी ते येत. त्याचाही मला आनंद वाटे.

मॅट्रिकच्या वर्गात दरवर्षी एकदोन मुलं पुढे कॉलेजला जाण्याजोगी निघत. त्यांना मी शाळा सुटल्यावर थांबवून कॉलेजातलं थोडं बीजगणित शिकवत असे. त्यात माझा आवडता एक प्रकार होता, श्रेढीच्या बेरजेचा. एक भागिले एक गुणिले दोन, अधिक एक भागिले दोन गुणिले तीन, अधिक एक भागिले तीन गुणिले चार, अशी पदं लांबवर जातात. एकेक मिळवत बसलं तर छेद वाढत जातो आणि माणूस दमतो. पण प्रत्येक पदाचे दोन तुकडे पडतात. पहिलं पद म्हणजे एक वजा अर्धा. दुसरं म्हणजे अर्धा वजा एकतृतीयांश. तिसरं म्हणजे एकतृतीयांश वजा एकचतुर्थांश. आता वजा अर्ध्याच्या शेजारीच अधिक अर्धा उभा असतो, दोघे एकमेकांना खातात. पुढे तेच. शेवटी पहिला एक आणि अगदी टोकाचा वजा तुकडा, एवढंच शिल्लक राहतं.

हे मी फळ्यावर एका ओळीत लिहीत असे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग हाताचा तळवा फळ्यावर टेकवून डावीकडून उजवीकडे चालत जायचो आणि मधलं सगळं पुसून टाकायचो. दोन टोकं उरायची. मुलं हसायची. मी म्हणायचो, "दोन टोकं धरा, मधलं सोडा." माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या मुलांना ते वाक्य पाठ आहे. धोतराला खडू लागायचा, आणि बायको म्हणायची, "तुम्ही शिकवता की भिंती सारवता?"

त्या वर्षी दोन मुलं होती. एक जवळच्या कोरीट गावचा, सुखवस्तू शेतकऱ्याचा मुलगा, नीटनेटका, सांगितलेलं तसंच्या तसं करणारा. दुसरा नवापूरच्या पलीकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचा. घरी कोकणी, म्हणजे तिकडच्या आदिवासींची बोली, बोलणारा, मराठी शाळेत येऊन शिकलेला, वसतिगृहात राहणारा. तो फार बोलत नसे. बोलला तर आधी मनात वाक्य जुळवून मग बोलायचा, आणि तोवर वर्ग पुढे गेलेला असायचा. त्याची एक सवय मला खटकत असे. मी एका ओळीत लिहिलेलं तो आपल्या पाटीवर एकाखाली एक लिहून घ्यायचा. अधिकाचे तुकडे एका रांगेत, वजाचे शेजारच्या रांगेत.

"अरे, पाटी किती वाया घालवतोस," मी म्हणायचो. "माझा फळा पुरतो, तुझी पाटी पुरत नाही."

"असं लिहिलं की कोण कोणाला भेटतो ते दिसतं, सर," तो म्हणायचा.

विद्यार्थी-निधी गावातल्या चार प्रतिष्ठित मंडळींनी उभा केला होता. त्यातून एका मुलाचा सुरतेचा कॉलेजचा सगळा खर्च भागायचा. कोरीटच्या मुलाला तो मिळाला नसता तरी त्याच्या बापाने थोडं शेत विकून त्याला पाठवला असता, तसं तो उघड म्हणतही होता. डोंगरातल्या मुलाला मात्र हा एकच रस्ता होता. निधी मिळाला तर कॉलेज, नाही तर पाडा. हे मला आणि त्या मंडळींना, सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच त्यांनी ठरवलं की मास्तरांनी परीक्षा घ्यावी, म्हणजे कुणी पक्षपात म्हणणार नाही.

मी गणितं काढली. शेवटचं गणित निर्णायक असावं म्हणून नेहमीचंच घेतलं, पण छेदात एक आकडा बदलला. एक भागिले एक गुणिले तीन, अधिक एक भागिले दोन गुणिले चार, अधिक एक भागिले तीन गुणिले पाच, असं पुढे. 'न' पदांची बेरीज काढा, आणि पदं वाढतच गेली तर ती कोणत्या संख्येच्या जवळ जाते ते सांगा. उत्तर मी उभ्याउभ्या काढलं. छेदांत दोनाचा फरक, म्हणून तुकडे पाडताना बाहेर अर्धा येतो. आत पहिला तुकडा एक, शेवटचा वजा एक भागिले न अधिक दोन. दोन टोकं. म्हणजे बेरीज अर्ध्याच्या जवळ जाते. पडताळा म्हणून मी 'न'च्या जागी एक घालून पाहिला. एकतृतीयांश आला, आणि पहिलं पद एकतृतीयांशच होतं. जुळलं. मी समाधानाने चहा घ्यायला गेलो.

दोन घालून पाहिलं असतं तर जुळलं नसतं. एकाच पदाच्या बेरजेत पहिलं आणि शेवटचं हे एकच पद असतं, तिथे चुकीचा नियमही बरोबर दिसतो. गेली कित्येक वर्षं मी हेच स्वतःला समजावून सांगतो आहे, आणि समजूत पटत नाही. गणिताच्या मास्तराने दोन घालून पाहायला हवं होतं.

परीक्षेच्या दिवशी निधीची मंडळी शाळेच्या मोठ्या खोलीत बसली होती. मुलाचा बाप पाड्यावरून आला होता आणि बाहेर ओट्यावर बसून होता. आत ये म्हटलं तरी आला नाही. बाकीच्या गणितांत दोघे सारखे होते. शेवटच्या गणितावर कोरीटच्याने अर्धा लिहिला होता. डोंगरातल्याने पाऊण.

मी मंडळींसमोरच दोघांच्या पाट्या हातात घेतल्या. पाऊण पाहून मला वाईट वाटलं, हे मी खरं सांगतो. मला तो मुलगा निवडला जायला हवा होता. मी त्याला जवळ बोलावून म्हणालो, "शेवटी गडबडलास ना? दोन टोकं धरायची, एवढं तर सांगितलं होतं."

त्याने पाटीकडे बोट केलं. एकाखाली एक ओळी होत्या. एक, वजा एकतृतीयांश. खाली अर्धा, वजा एकचतुर्थांश. खाली एकतृतीयांश, वजा एकपंचमांश.

"सर, इथे शेजारचा शेजाऱ्याला खात नाही," तो म्हणाला. "पहिल्या ओळीतला वजा एकतृतीयांश तिसऱ्या ओळीतल्याला भेटतो. मधली ओळ सोडून. म्हणून वर एक उरतो आणि अर्धाही उरतो. त्या अर्ध्याच्या आधी कुणीच नाही त्याला खायला. खालीही दोन उरतात, पण ते लहान होत जातात. वरचे दोन मिळून दीड. बाहेरच्या अर्ध्याने गुणलं की पाऊण."

इतकं सलग तो माझ्यासमोर कधी बोलला नव्हता. मी पाटीकडे पाहत होतो, पण वाचत नव्हतो. चौघे माझ्याकडे पाहत होते.

त्यांच्यातल्या कापसाच्या जिनिंगवाल्या शेटजींनी तपकिरीची डबी मिटली आणि ते अहिराणीत म्हणाले, "मास्तर, अर्धं आनि पाऊण यामां पावनाच तं फरक शे. इतलासाठे वाद कसाना?"

बाकीचे हसले. दुसरे म्हणाले, "शेटजी, कापूसना काटावर तुमी पाव सोडतस का?"

"तठे नही सोडत," शेटजी म्हणाले, आणि पुन्हा हसू झालं. मग ते माझ्याकडे वळले. "आमले यामां काय समजस? तुमी सांगा, कोन्हं बरोबर शे?"

मी म्हणालो, "अर्धा."

तेव्हा तो मुलगा हळूच म्हणाला, "सर, पहिली तीनच पदं मिळवून बघा. एकतृतीयांश, एकअष्टमांश, एकपंधरांश. छेद एकशेवीस घेतला तर चाळीस, पंधरा आणि आठ. त्रेसष्ट होतात. अर्धा म्हणजे साठ. तीन पदांतच अर्ध्याच्या पुढे गेलं. पुढची सगळी पदं अधिकचीच आहेत. मग बेरीज अर्ध्यावर कशी थांबेल?"

मला ते तेव्हाच कळलं. इथे कुणी असं समजू नये की मला नंतर कळलं. चाळीस, पंधरा, आठ, त्रेसष्ट. यात न कळण्यासारखं काय आहे? फळ्यावर माझा तळवा कुठून कुठे फिरत गेला होता आणि त्याखाली काय काय जिवंत पुसलं गेलं होतं, ते सगळं मला दिसलं. एवढंच म्हणायचं होतं की याचं बरोबर आहे, मी चुकलो. शेटजींनी फार तर आणखी एक चेष्टा केली असती.

मी म्हणालो, "मिळवणी प्राथमिक शाळेत करतात. इथे रीत विचारली आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने कपाळाला आठी घातली, आपली चूक शोधायला लागलेल्या मुलासारखी. मग बाहीने पाटी पुसली.

बाहेर त्याचा बाप उभा राहिला. अडखळत्या मराठीत म्हणाला, "मास्तर, पोऱ्याचं काय चुकलं?"

"गणित," मी म्हणालो.

"मग बरोबर," तो म्हणाला. "गणित चुकलं तर काय करणार." त्याने मला नमस्कार केला आणि दोघे स्टेशनाकडे चालू लागले.

कोरीटचा मुलगा सुरतेला गेला. दिवाळीत गावी आला तसा पेढे घेऊन माझ्या घरी आला. बायको आत गेल्यावर म्हणाला, "सर, त्या गणिताचं उत्तर पाऊण आहे. आमच्या प्रोफेसरांनी तसंच एक घातलं होतं. मी दोन टोकं धरली, तर सगळा वर्ग हसला. ते म्हणाले, छेदांत जितक्याचा फरक तितके तुकडे प्रत्येक टोकाला उरतात. एकाचा फरक असेल तर एक, दोनाचा असेल तर दोन."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

तो म्हणाला, "मग त्याला सांगायचं ना? मी सोडतो निधी. बाबा पाठवतील मला."

तो अठरा वर्षांचा होता आणि मनापासून बोलत होता. कॉलेजचं वर्ष अजून निम्मंही झालं नव्हतं. त्या दिवशीही सगळं सावरता आलं असतं. मी त्याला पाणी दिलं आणि म्हणालो, "आता कुणाला सांगू नकोस. मंडळींचा विश्वास उडेल, पुढच्या मुलांचं नुकसान होईल." पुढच्या मुलांचं नाव घेतलं की माणसं ऐकतात. त्यानेही ऐकलं. तो पुढे मोठा अधिकारी झाला, सगळीकडे माझं नाव आदराने घेत असे, पण माझ्या घरी पुन्हा आला नाही. तो वारला त्यालाही काळ लोटला. एका मुलाचं मी नुकसान केलं असं मी मनाशी म्हणत असतो. दोघांचं केलं.

वर्गात मी तो प्रकार शिकवत राहिलो. आता एकाखाली एक लिहून शिकवत असे, दोन्ही टोकांना हव्या तितक्या ओळी पूर्ण मांडून, तिरक्या रेघा ओढून. मुलांना ही रीत कुठून आली ते कधी सांगितलं नाही. मास्तरांची नवी पद्धत म्हणून तिचंही कौतुक झालं.

बऱ्याच वर्षांनी, दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा, मी नवापूरला गेलो. तो तिथल्या एका लाकडाच्या वखारीत कामाला आहे असं कळलं होतं. गाडीत बसून मी वाक्यं जुळवत होतो. वखारीत सागाचे ओंडके रचलेले होते आणि तो फूटपट्टी व दोरी घेऊन त्यांची मापं घेत होता. अंगाने भरला होता, केस मागे सरले होते. मला पाहून हातातलं काम टाकून धावत आला आणि पाया पडला. मला ते टाळता आलं नाही.

त्याने कुणालातरी चहाला पाठवलं. आम्ही एका कापलेल्या फळीवर बसलो. मी म्हणालो, "त्या परीक्षेतलं शेवटचं गणित आठवतं?"

"आठवतं ना, सर. त्यातच गेलो मी."

"तुझं बरोबर होतं. मी चुकलो होतो."

तो हसला. म्हातारा माणूस काही चांगलं बोलायला आला आहे, असं त्याला वाटलं असावं. "नाही सर. मी मिळवणी केली होती. तुम्ही रीत विचारली होती."

मी ओंडक्यावर खुणा करायचा खडू मागून घेतला आणि फळीवरच लिहायला सुरुवात केली. एक, वजा एकतृतीयांश. अर्धा, वजा एकचतुर्थांश. त्याच्याच पद्धतीने, एकाखाली एक. तो लक्ष देऊन पाहत होता. मी तिरक्या रेघा ओढल्या, वरचे दोन तुकडे गोल करून दाखवले.

"हे तुकडे कसे पाडतात, सर?" त्याने विचारलं.

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. मी पुन्हा सांगितलं: एक भागिले एक गुणिले तीन, याचे दोन तुकडे, बाहेर अर्धा. तो मान हलवत राहिला, सभ्यपणे, काही न समजलेला माणूस हलवतो तशी. मी म्हणालो, "ते सोड. तीन पदं मिळव. एकतृतीयांश, एकअष्टमांश, एकपंधरांश. तूच सांगितलं होतंस." त्याने खडू घेतला, तीन अपूर्णांक लिहिले आणि छेद शोधायला लागला. तेवढ्यात गाडीवाला हाक मारत आला, ओंडके चढवायचे होते. तो उठून गेला. परत आला तेव्हा गणिताकडे न पाहता म्हणाला, "तुम्ही म्हणता तर असेल, सर."

मी म्हटलं, "मी म्हणतो म्हणून नको. तू बघ."

"आता काय बघायचं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता. मला चहा दिला, कप पुसून. मग मी विचारलं, मुलं किती. एक मुलगा, नऊ वर्षांचा. कुठल्या इयत्तेत आहे विचारलं.

"काढला शाळेतून," तो म्हणाला. "मास्तर म्हणत होता, हिशोबात पुढे आहे, ठेवा. मीच काढला. उगाच आशा लागते, सर. आमच्यात गणिताचं डोकं नाही. मलाच कुठे होतं."

मी त्याला काय काय सांगितलं ते मला सगळं आठवत नाही. मुलाला माझ्या घरी ठेव म्हणालो, मी शिकवतो म्हणालो, त्याच्या बायकोशी बोलतो म्हणालो. तो ऐकून घेत होता. मुलगा कुठे आहे विचारलं तर म्हणाला, गुरं घेऊन वर गेला आहे, संध्याकाळी येईल. माझी गाडी त्याआधी होती. राहता आलं असतं. तो राहा म्हणालाही होता. मी स्टेशनावर आलो. तो मला सोडायला आला होता, आणि मी डब्यात बसेपर्यंत माझी पिशवी त्याने हातातून खाली ठेवली नाही.